गोळी पोटात, जीवनसत्त्व संडासात

आठ आठवडे दर रविवारी न चुकता ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी घेतली आणि रक्तातला आकडा ९ वरून जेमतेम ११ वर सरकला. डॉक्टरांनी आधी विचारलं, "गोळ्या नीट घेताय ना?" मी घेत होतो. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जो मला वर्षभर कोणीच विचारला नव्हता आणि ज्याबद्दल मीही लाजेपोटी बोललो नव्हतो: "शौचाला कशी होते?"

फिकट, खूप, दुर्गंधीची. भांड्याला चिकटणारी, दोनदा पाणी ओतूनही न जाणारी. कधीकधी पाण्यावर चक्क तेलाचे थेंब दिसायचे. वजन सात किलोंनी उतरलं होतं. मी आपला 'पोट बिघडलंय' म्हणून तेलकट खाणं सोडून मोकळा झालो होतो. त्याने शौच जरा सुधारली, वजन मात्र आणखी घसरलं.

डॉक्टरांनी कागदावर एक थेंब काढला. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून पित्तातले क्षार आधी त्याचे बारीक थेंब करतात. स्वादुपिंडाचं लायपेज हे विकर त्या थेंबांच्या फक्त पृष्ठभागावर काम करू शकतं. गंमत अशी, की पित्तक्षारच तो पृष्ठभाग व्यापून लायपेजला बाहेर ढकलतात. कोलायपेज नावाचं छोटं प्रथिन त्याला तिथे धरून ठेवतं. मग लायपेज चरबीच्या रेणूवरची तीनपैकी दोन मेदाम्लं तोडतं. हे तुकडे आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं पित्तक्षारांच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे मायसेलमध्ये बसतात. आतड्याच्या भिंतीला लागून पाण्याचा एक स्थिर थर असतो. तो ओलांडून माल भिंतीपर्यंत नेणं हे मायसेलचं काम.

"आता लायपेजच नसेल तर?" ते म्हणाले. तेल न तुटता तसंच राहतं आणि जीवनसत्त्व त्या तेलात विरघळून राहतं. तेल बाहेर, जीवनसत्त्वही बाहेर. माझी रविवारची गोळी बहुधा याच वाटेने जात होती.

पित्त कमी की लायपेज कमी, हा पुढचा प्रश्न. पित्ताची वाट अडली की शौचाला तपकिरी रंग देणारं द्रव्यच, म्हणजे बिलिरुबिनपासून बनणारा रंग, आतड्यात पोचत नाही. ती मातकट-पांढुरकी होते, लघवी गडद होते, डोळे पिवळे पडतात. माझं बिलिरुबिन सामान्य, लघवीही ठीक. माझा फिकटपणा न पचलेल्या चरबीच्या भरीमुळे होता. मग शौचातल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडाच्याच आणखी एका विकराची, तपासणी झाली: २०० च्या वर हवं, माझं ६२. (नमुना पातळ असेल तर आकडा खोटाच कमी दिसू शकतो, म्हणून घट्टसर नमुना द्यायला सांगितलं होतं.) स्कॅनमध्ये स्वादुपिंडात खडे दिसले. जुनाट दाह. लायपेज साधारण दहा टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय तेल दिसत नाही, म्हणजे नुकसान बरंच आधी सुरू झालं होतं.

के जीवनसत्त्वाचाही पत्ता लागला. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आयएनआर वाढलेला, १.६ निघाला. याचा साठा शरीरात थोडाच असतो, म्हणून तो लवकर संपतो. अ चा साठा यकृतात बरेच महिने पुरतो. माझी नजर शाबूत होती.

विकरांच्या कॅप्सूल सुरू झाल्या: २५,००० युनिटच्या दोन जेवणासोबत, एक मधल्या खाण्यासोबत. आणि तेलकट बंद करायचं नाही, असं बजावलं. इथे मी पहिली चूक केली. औषध म्हणून दोन्ही जेवणाआधी अर्धा तास गिळायचो. विकर पुढे, जेवण मागे! तीन आठवड्यांत फरक शून्य. मग एक पहिल्या घासाला, दुसरी जेवणाच्या मध्यावर, असं सुरू केलं आणि तेलाचे थेंब आठवड्यात थांबले.

फिकटपणा तरी थोडा उरलाच. स्वादुपिंड विकरांबरोबर बायकार्बोनेटही सोडतं. ते कमी पडलं की जठरातलं आम्ल आतड्यात शिरूनही शमत नाही. अशा आम्लात कॅप्सूलमधल्या कणांचं आवरण वेळेवर विरघळत नाही, वर पित्तक्षारांचाही साका होतो आणि मायसेल कमी बनतात. आम्ल कमी करणारी गोळी जोडल्यावर हेही सुटलं.

ड ची तीच गोळी, तोच डोस, पुन्हा आठ आठवडे, पण या वेळी जेवताना, कॅप्सूलसोबत. आकडा ३१. आयएनआर १.०. वजन अजून तीन किलो कमीच आहे.