मोतारासु, हिकिओकोसु, मानेकु: एन-वनच्या अभ्यासात मी अडकले ती जागा

जपानी भाषेची सगळ्यात वरच्या पातळीची एन-वन परीक्षा दिली म्हटलं की लोक विचारतात, कांजी अक्षरं किती, पुस्तकं कुठली, पुण्याचं सेंटर मिळालं का. त्यातलं सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. फॉर्म भरला, दापोलीहून पुण्याला जाऊन पेपर दिला, पास झाले. माझा जीव खाल्ला तो जवळच्या अर्थाच्या शब्दांनी, आणि त्याहून जास्त ते शब्द शिकवण्याच्या पद्धतीनं. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी ऑनलाइन क्लास लावला होता. तिथं समानार्थी शब्दांची छापील यादी मिळायची. त्यात ‘एखादी गोष्ट घडवून आणणे’ या अर्थाची तीन क्रियापदं होती: मोतारासु, हिकिओकोसु आणि मानेकु. पहिल्यापुढे ‘चांगला परिणाम’ लिहिलं होतं, उरलेल्या दोन्हींपुढे ‘वाईट परिणाम’. बस, एवढंच.

त्याच आठवड्यात जपानी हवामानाच्या बातमीत वाक्य वाचलं, ‘ताइफू वा ओओकिना हिगाई ओ मोताराशिता’, म्हणजे वादळामुळे मोठं नुकसान झालं. नुकसानाला मोतारासु! क्लासच्या सेन्सेईंना, म्हणजे शिक्षकांना विचारलं, तर उत्तर आलं, "अपवाद आहे, लक्षात ठेवा." पण दर पावसाळ्यात बातम्यांत हेच वाक्य येत असेल तर तो अपवाद कसला? आणि उरलेल्या दोन ‘वाईट’ शब्दांत फरक काय, हे विचारल्यावर "वाचत राहा, आपोआप कळेल." शब्दकोशात हिकिओकोसु पाहिला तर तो दुसऱ्याच शब्दाकडे बोट दाखवतो, आणि तो दुसरा पुन्हा हिकिओकोसुकडे. परीक्षेत मात्र एक शब्द आणि चार वाक्यं देऊन तो नेमका कुठल्या वाक्यात बसतो, असा प्रश्नप्रकारच असतो. चारही वाक्यं व्याकरणात बरोबर दिसतात. यादी पाठ असून तिथं काडीचा उपयोग नाही.

मग मी जपानच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा लेखी जपानीचा संग्रह धरला. सुमारे 10 कोटी शब्दांचा मजकूर आहे, पुस्तकं, वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, ब्लॉग असा सगळा मिळून. ‘शोनागोन’ नावाच्या शोधपानावर शब्द टाकला की त्याच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर धरून ओळी समोर येतात, जास्तीत जास्त 500. फुकट, नोंदणीही नको.

आधी मीही सगळ्यांसारखं कर्मच पाहिलं, म्हणजे काय घडवून आणलं ते. मोतारासुपुढे फायदा, बदल, शांतता, सुख, पण नुकसान आणि अरिष्टसुद्धा. हिकिओकोसुपुढे अपघात, गोंधळ, आजार, दरड कोसळणं, रासायनिक क्रिया. मानेकुपुढे गैरसमज, अविश्वास, विरोध, गोंधळ. ‘गोंधळ’ दोन्हीकडे आला. चांगलं-वाईट असे दोन ढीग केले असते तर इथंच पुन्हा अडकले असते.

सुटलं ते वाक्याच्या दुसऱ्या टोकाला, कर्त्याकडे पाहिल्यावर. मानेकु आहे तिथं आधी काय येतं? निष्काळजीपणा, बेफिकिरी, मंत्र्याचं वक्तव्य, निर्णयाला झालेला उशीर. बहुतेक ठिकाणी माणसाचं काहीतरी केलेलं किंवा करायचं राहिलेलं. वादळ, भूकंप, पाऊस या शब्दाच्या आधी मला दिसले नाहीत. मानेकुचा मूळ अर्थ बोलावणं, पाहुण्याला आमंत्रण देणं. दुकानात पंजा वर करून बसलेली मानेकी-नेको मांजर त्यातलीच, आणि म्हणूनच ‘भाग्य’ हा चांगला शब्दही मानेकुबरोबर चालतो. मला तेव्हा आपलं ‘ओढवून घेणं’ आठवलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, आमच्या तालुक्यात नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. बाबा कधी म्हणाले नाहीत की वाडीनं किंवा वादळानं नुकसान ओढवून घेतलं. पण वीजतारेवर लोंबलेली फांदी वेळेत न तोडणाऱ्याला ते हेच म्हणतील, "तू ओढवून घेतलंस." मानेकुत हाच ठपका आहे. फक्त भाग्याच्या बाबतीत तो ठपका उरत नाही, नुसतं बोलावणं उरतं.

हे हाताला लागल्यावर एकाच पावसाची तीन वाक्यं करून पाहिली. मुसळधार पावसानं दरड कोसळली, इथं हिकिओकोसु: ‘ओओआमे गा दोशाकुझुरे ओ हिकिओकोशिता’. पाऊस हे निमित्त, आणि त्यानं एक घटना सुरू झाली. त्याच पावसानं गावाचं मोठं नुकसान झालं, इथं मोतारासु, कारण नुकसान ही घटना नाही, घटनेनंतर मागं उरलेलं फळ आहे, गोड असो की कडू. आणि लोकांना हलवायला उशीर झाल्यानं नुकसान वाढलं, तर मानेकु: ‘हिनान नो ओकुरे गा हिगाई नो काकुदाई ओ मानेइता’. आता क्रियापदांची अदलाबदल करा. पहिल्या वाक्यात मानेकु घातलं की पावसावर हलगर्जीपणाचा आरोप होतो आणि वाक्य विचित्र वाटायला लागतं. तिसऱ्यात मोतारासु घातलं तर वाक्य चालतं, पण ठपका पातळ होतो. विचित्र होणं आणि पातळ होणं यांतला हा फरक मी प्रत्येक जोडीत शोधायला लागले.

हिकिओकोसु आणि मानेकु यांच्यात सामायिक असलेला ‘गोंधळ’ही असाच सुटला. यंत्रणा बंद पडून गोंधळ उडाला तर हिकिओकोसु जास्त सहज येतो. अधिकाऱ्यानं अर्धवट माहिती दिली आणि गोंधळ झाला तर मानेकु. सीमा काटेकोर नाही, माणसाच्या कृतीबरोबर हिकिओकोसुही सापडतो. तिथं लिहिणाऱ्याला दोष दाखवायचा आहे का, हे आजूबाजूच्या दोन-तीन ओळी वाचूनच ठरतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. शोनागोन अक्षरं जुळवतं, शब्द ओळखत नाही. नुसतं 招 टाकलंत तर आमंत्रण, सभा बोलावणं, ती मांजर, सगळं येऊन पडतं. を招い किंवा をもたらし असं, आधीच्या विभक्तीसकट आणि क्रियापदाच्या एकेका रूपात शोधा. हिकिओकोसु तर अनेक तऱ्हांनी लिहितात, 引き起こ, 引き起し, 引きおこ, ひき起こ. एकच तऱ्हा शोधली तर अर्धं चित्र दिसतं. रूपांची कटकट नको असेल तर त्याच संस्थेचं ‘चुनागोन’ आहे, त्यात मूळ शब्दावरून शोधता येतं, पण नोंदणी करावी लागते. आणि ओळीखाली मजकूर कुठला आहे ते जरूर पाहा. सरकारी अहवालात मोतारासु सहज भेटतो, घरगुती गप्पांत तो जड वाटतो. ही छटा कुठल्याही यादीत नव्हती. संग्रहातला मजकूर 2008 पर्यंतचा आहे, त्यामुळे आजची बोली त्यात शोधू नका.

आमच्याकडे पावसात रेंज जाते, म्हणून ओळी वहीत उतरवायचे. पानावर दोन रकाने, डावीकडे कर्ता, उजवीकडे कर्म, मधलं क्रियापद कोरं. दोन दिवसांनी कोऱ्या जागा भरायच्या. तीसेक ओळींनंतर हात आपोआप बरोबर जातो. क्लासनं यादी छापण्याऐवजी अशा दहा ओळी छापल्या असत्या तर माझा किती वेळ वाचला असता!

आता मी कारखान्यांचे अपघात-अहवाल मराठीतून जपानीत करते. ‘सदोष भागामुळे अपघात झाला’ याला हिकिओकोसु, ‘तपासणी न केल्यामुळे झाला’ याला मानेकु. मूळ मराठी वाक्यात नुसतं ‘यामुळे अपघात झाला’ असेल आणि ‘यामुळे’ म्हणजे नेमकं काय हे कळत नसेल, तर क्रियापद ठरवण्याआधी मी ज्यांचा अहवाल आहे त्यांना फोन करते.