टेपर, पहिला आठवडा: मायलेज उतरलं, पाय मात्र जडच

जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी टेपर, म्हणजे शर्यतीआधी धावणं उतरवत नेणं, सुरू झालं आणि दरवर्षीचं रडगाणंही लागलं. किलोमीटर कमी केले की पाय मोकळे व्हायला हवेत, ते आणखीच जड पडतायत. गटातल्या ४ तास १५ मिनिटांत शर्यत पुरी करू पाहणाऱ्या गड्याचंच घ्या. वजन ६० किलो, सर्वांत मोठा आठवडा ६४ किमीचा, पाच दिवस धावणं, ३२ किमीचा लाँग रन तीन आठवडे आधीच उरकलेला. या आठवड्याला ४२ किमी ठरलेत, पण बुधवारपर्यंत जे झालं ते सगळं इझी. गुरुवारी रत्नागिरीतल्या भाट्याच्या पुलावर मॅरेथॉन पेस, म्हणजे किलोमीटरला ६:०३, धरायला गेला तर पाय रस्त्याला चिकटल्यासारखे.

पण छातीच्या पट्ट्यावरचे ठोके बघा: या पेसला १५२. लाँग रनच्या आठवड्यात, याच पुलावर, याच वेळी १५४ होते. म्हणजे दम शाबूत आहे, फिटनेस गेलेला नाही. ठोके त्याच हवेत आठ-दहाने चढले असते, सकाळची नाडीही वर असती, झोप उडाली असती, तर मामला वेगळा होता. तेव्हा थकवा उतरलेला नाही किंवा ताप येऊ घातलाय असं धरायचं आणि दोन दिवस सरळ घरी बसायचं.

इथला जडपणा दोन गोष्टींचा. धावणं कमी झालं तरी जेवण तेच, त्यामुळे स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, भरतंय आणि प्रत्येक ग्रामामागे साधारण तीन ग्राम पाणी धरून ठेवतंय. काट्यावर एखादा किलो वाढलेला दिसेल. ते शर्यतीचं इंधन आहे, त्याला हात लावू नका. दुसरी गोष्ट म्हणजे वेगाचं काम एकदम बंद झालं की स्नायूंचा ताण सैलावतो आणि पाऊल जमिनीवर रेंगाळतं. याला उपाय आहे. १९८० च्या दशकात संशोधक हिक्सन यांनी सराव कमी करण्याचे जे प्रयोग केले, त्यांत सरावाची मिनिटं बरीच छाटूनही ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता टिकली, तीव्रता उतरवली तेव्हा मात्र घसरली. म्हणून कात्री किलोमीटरांना लावायची. दिवस आणि वेग ठेवायचे.

तेव्हा शनिवारचे ६ किमी तसेच, पण शेवटी २० सेकंदांचे सहा स्ट्राइड्स. वेग ५ किमीच्या शर्यतीचा, खांदे सैल, मध्ये मिनिटभर चालणं. धाप लागली तर ते स्ट्राइड नव्हे, स्प्रिंट झालं. रविवारी १४ किमी, त्यातले शेवटचे ४ पेसला. मंगळवारी ८ किमी, त्यात पेसने १ किमीचे तीन तुकडे, मध्ये दोन मिनिटं हलकं जॉगिंग. तिसऱ्या तुकड्याला आणखी दोन करावेसे वाटले पाहिजेत, आणि करायचे नाहीत.

आरे-वारेचा रस्ता मात्र आता बंद. शर्यतीतल्या पेडर रोडच्या चढाच्या तयारीसाठी चढ करू म्हणणारे गटात आहेतच, पण चढापेक्षा उतार नडतो: मांड्या ठणकतात आणि ते दुखणं निवायला दिवस लागतात. पुळणीवरच्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्या आणि टाचेची शीर ताणली जाते, तेव्हा तीही नको.

घड्याळावर 'Unproductive' उमटलं म्हणून घाबरलेल्यांसाठी: ते यंत्र पेस आणि ठोक्यांचं गणित मांडतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ठोके चढले की त्याला तुम्ही ढिले झाल्यासारखे दिसता. दोन आठवडे तो पडदा उघडूच नका.

लिहिता लिहिता शेवटच्या आठवड्यात एक बदल सुचतोय. गुरुवारी विश्रांती आणि शुक्रवारी धावणं असं ठरलं होतं, पण शुक्रवारी रेल्वेचा प्रवास आहे. मग विश्रांती शुक्रवारीच घेऊ. बुधवारी ५ किमी आणि चार स्ट्राइड्स, गुरुवारी ४ किमी. गाडीत तासाला एकदा उठून डब्यात फेरी मारा, नाहीतर पोटऱ्या आखडतात. शनिवारी मुंबईत ३ किमी शेकआउट, म्हणजे पाय मोकळे करणारं हलकं धावणं, त्यात चार स्ट्राइड्स. मंगळवारचे ८ धरून, शर्यत सोडून आठवड्याचे २० किमी झाले आणि शर्यत धरून दिवस पाचच राहिले.

खाणं शुक्रवार-शनिवार किलोमागे ८ ग्राम कार्ब, म्हणजे ६० किलोला दिवसाला ४८०. तीनशे ग्राम कोरड्या तांदळाचा भात आणि पेज मिळून साधारण २३५, शंभर ग्राम पोह्यांचे ७५, चार केळ्यांचे शंभरेक, उरलेले गूळ-साखरेतून. भात एका बैठकीत रेटू नका, चार-पाच वेळा थोडा थोडा. कुळीथ, चवळी आणि जास्त खोबरं दोन दिवस बाजूला. कोलंबी-तिसऱ्यांचा मोह शर्यतीनंतर सोमवारी भागवा. पेजेत मीठ नेहमीसारखं घाला. घरचा तांदूळ बांधून न्यायचा की तिथे जे मिळेल ते खायचं, यावर गटात अजून एकमत नाही. पोटाच्या सवयीचा विचार केला तर तांदूळ न्यावा.