फोर्क, जॉइन आणि टेबलावर अडकलेलं पार्सल

पुस्तकं ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानासाठी ऑर्डर आल्यापासून पार्सल कुरिअरकडे जाईपर्यंतच्या कामांचा क्रम दाखवणारा ॲक्टिव्हिटी डायग्राम मला काढून द्यायचा होता. तिथे ऑर्डर स्वीकारली की दोन कामं सुटी सुरू होतात. गोदामात पुस्तक रॅकवरून काढून पॅक करतात, आणि इकडे बिल तयार होऊन कार्डावरून पैसे घेतले जातात. म्हणून ‘ऑर्डर स्वीकारा’च्या खाली जाड आडवी रेघ, म्हणजे फोर्क, आणि तिच्यातून दोन बाण. दोन्ही झाल्याशिवाय पार्सल बाहेर पडत नाही, म्हणून ‘कुरिअरला द्या’च्या आधी तशीच दुसरी रेघ, जॉइन.

पहिला आराखडा दाखवला तेव्हा गोदाम सांभाळणाऱ्या काकांनी विचारलं, “कार्ड चाललंच नाही, तर मी बॉक्स बांधून किती वेळ बसायचं?”

प्रश्न अगदी नेमका होता. मी डायग्राम छापून त्यावर मणी ठेवून चालवून बघितलं. यूएमएल या अशा आकृत्यांच्या प्रमाण भाषेत या मण्याला टोकन म्हणतात. फोर्कवर एका मण्याचे दोन होतात. जॉइनवर मात्र येणाऱ्या प्रत्येक बाणावर मणी पोचल्याखेरीज पुढे काहीच सरकत नाही. कार्ड नाकारलं, की त्या फांदीतला मणी ‘ग्राहकाला कळवा’ करून तिथेच संपतो आणि पॅकिंगचा मणी जॉइनवर कायमचा ताटकळतो.

‘कळवा’नंतर संपूर्ण प्रक्रियेचा शेवट, म्हणजे वर्तुळात भरीव ठिपका, काढला तर? तो सगळेच मणी एका झटक्यात काढून टाकतो. डायग्राम संपतो, पण बांधलेला बॉक्स टेबलावरच, आणि पुस्तक स्टॉकमध्ये परत घ्यायला कुणी नाही.

शेवटी पैसे मिळोत न मिळोत, दोन्ही वाटा जॉइनपर्यंत न्यायच्या ठरवल्या. इथे फार जपावं लागतं. ‘मिळाले’ आणि ‘नाकारले’ हे दोन बाण थेट जॉइनच्या रेघेला लावले, तर जॉइन पॅकिंगसकट तिन्ही बाणांची वाट बघतो. पैसे एकाच वेळी मिळालेही आणि नाकारलेही, असं होत नाही, त्यामुळे एकही ऑर्डर जॉइनच्या पुढे जात नाही. म्हणून आधी मर्जचा शंकरपाळ्यासारखा आकार काढून दोन्ही वाटा त्यात एकत्र आणल्या आणि त्यातून एकच बाण जॉइनला दिला. मर्ज वाट बघत नाही, आलेला मणी तसाच पुढे सोडतो.

निर्णय मग जॉइनच्या खाली घेतला: पैसे मिळाले असतील तर ‘कुरिअरला द्या’, नसतील तर ‘बॉक्स उघडा, पुस्तक रॅकवर ठेवा, स्टॉक वाढवा’. यात नाकारलेल्या ऑर्डरचंही पॅकिंग पुरं होतं, तेवढी मेहनत वाया जाते. ती मला मान्य आहे, कारण पॅकिंग मध्येच थांबवलं तरी पुस्तक परत ठेवण्याचं काम उरतंच. काकांनी ही पायरी वाचून खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘बिल रद्द?’ ती पायरीही तिथेच जोडली.