रात्री ई-रीडरवर मराठी वाचायचं तर सेटिंग कसं जमवलं

आम्ही फोंड्याला राहतो, पावसात इथे संध्याकाळी वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि बायको दहाला झोपते, त्यामुळे माझं सगळं वाचन मच्छरदाणीत, दिवा बंद करून ई-रीडरवर. इंग्रजी पुस्तक ठीक चालायचं, पण मराठी उघडलं की पंधरा-वीस पानांत डोळे चुरचुरायचे. मग एका रविवारी नीट बसून सेटिंग लावलं, ते इथे लिहितोय.

आधी अक्षर, आणि तेही दिवा चालू ठेवून. अंधारात सुरुवात केली तर त्रास अक्षराचा आहे की उजेडाचा हेच कळत नाही. Aa वर टच केलं की साइझ, जाडी, ओळींमधलं अंतर, मार्जिन सगळं तिथेच येतं. साइझ ठरवायला मी सरळ जोडाक्षरं आणि सारखी दिसणारी अक्षरं पकडली. 'द्ध' आणि 'द्व', 'ष' आणि 'प', 'घ' आणि 'ध' हे न थांबता वेगळे ओळखू येतात का ते बघायचं. ज्या साइझला इंग्रजी आरामात वाचता येतं त्याच साइझला मराठीत 'श्रद्धा' मधला द्ध म्हणजे नुसता काळा ठिपका दिसतो, कारण एका अक्षराच्या जागेत दोन अक्षरं कोंबलेली असतात. मला दोन पायऱ्या वर जावं लागलं. आणि अंधारात मंद उजेडात नजर तशीही कमी बारकाई पकडते म्हणून अजून एक पायरी.

जाडी वाढवायचा मोह होतो, पण एकच पायरी बस. जास्त केली की शिरोरेघ पट्ट्यासारखी दिसते आणि ध, भ च्या गाठी भरून जातात, म्हणजे साइझ वाढवून जे मिळवलं ते गेलं.

खरा फरक पडला तो ओळींमधल्या अंतराने. इंग्रजीत फार तर g, y ची शेपटी खाली येते, आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार, ऋकार खाली लोंबतो आणि खालच्या ओळीची वेलांटी, रफार, अनुस्वार वर येतो, दोघं मध्येच भिडतात. 'कर्तृत्व' च्या खाली 'निर्णयांमध्ये' आलं की बघा. अंतर सगळ्यात मोठं ठेवलं, पानावर चार-पाच ओळी कमी झाल्या, बोट जास्त वेळा लावावं लागतं, पण चुरचुर अर्ध्यावर आली ती इथेच.

मार्जिनचं उलट. मला वाटायचं रुंद मार्जिन म्हणजे डोळ्याला आराम. पण अक्षर मोठं केल्यावर रुंद मार्जिनमध्ये ओळीत चारच शब्द बसायला लागले, आणि मराठीत 'शेजाऱ्यांच्याबरोबर' सारखे लांबलचक शब्द, माझ्या रीडरवर ते मध्ये तुटत नाहीत, सरळ खालच्या ओळीवर जातात. मग दोन्ही कडा सरळ ठेवायच्या नादात उरलेल्या शब्दांमध्ये ही मोठाली भगदाडं. म्हणून मार्जिन सगळ्यात अरुंद आणि अलाइनमेंट डावीकडे. उजवी कड वेडीवाकडी दिसते, दिसू दे.

आता दिवा बंद. ई-इंक पडद्याला स्वतःचा पिवळा रंग नसतो. कडेला पांढरे आणि अंबर असे दोन प्रकारचे बारीक एलईडी असतात, त्यांचा उजेड पानावर पसरतो, आणि वॉर्म वाढवणं म्हणजे त्यातले अंबर पुढे करणं. त्यामुळे दिव्याखाली वॉर्म वाढवून काही दिसलं नाही तर घाबरू नका, अंधारात दिसेल. माझ्या रीडरवर उजेड आणि वॉर्म या दोन्ही पट्ट्या ० ते २४ आहेत. पाच मिनिटं अंधारात डोळे सरावू दिले, मग उजेड शून्यापासून एकेक वाढवत नेला, जिथे 'द्ध' परत फुटून दिसला तिथे थांबलो, तो ५ वर. वॉर्म १६. पूर्ण २४ वर पान नारिंगी होतं, मला नाही आवडलं. शिवाय पावसात ते पंखवाले किडे पडद्यावर येऊन बसतात आणि कधी चक्क पान उलटवतात, पिवळ्या उजेडात ते कमी येतात असं निदान मला तरी वाटतंय.

डार्क मोडही बघितला, काळं पान पांढरी अक्षरं. बायकोच्या बाजूला उजेड जवळजवळ जात नाही हा फायदा खराच. पण मला चष्म्यात सिलिंडर नंबर आहे, पांढरी अक्षरं कडेने पसरतात आणि बारीक मात्रा त्यातच विरघळतात. शिवाय मागच्या पानाची सावली काळ्यावर जास्त जाणवते, दर पानाला रिफ्रेश चालू केलं की जाते, पण मग प्रत्येक वेळी पडदा लुकलुकतो. ज्यांना सिलिंडर नाही त्यांनी जरूर बघा.

हे सगळं थीम म्हणून सेव्ह करून ठेवलंय, इंग्रजीसाठी वेगळी, कारण मराठीचं अंतर इंग्रजीला फार मोकळं वाटतं. आणि स्कॅन केलेल्या पीडीएफला यातलं उजेड सोडून काहीच लागू होत नाही, तिथे अक्षर म्हणजे फोटो. रीडर आडवा धरून अर्धं अर्धं पान वाचायचं, मी तसली पुस्तकं दिवसाच वाचतो.