पाण्याचा पेला, नोंद तिसरी: काच आणि पाणी जिथे भेटतात

ब्लेंडरमध्ये केलेल्या या पेल्याच्या मागच्या दोन रेंडरमध्ये काच काचेसारखी दिसत होती, पाणीही पाण्यासारखे दिसत होते. फक्त ते पाणी पेल्यात आहे असे वाटत नव्हते. काचेला 1.5 आणि पाण्याला 1.333 हे अपवर्तनांक बरोबर दिलेले असूनही पाण्याच्या कडेने एक चंदेरी पट्टा उमटत होता. पाण्याची जाळी, म्हणजे मेश, मी भिंतीपासून केसभर आत ठेवली होती. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनच्या दृष्टीने त्या फटीत हवा होती, आणि काचेतून हवेत जाणारा किरण सुमारे 41.8 अंशांपलीकडे पूर्ण परावर्तित होतो.

त्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे पाणी काचेच्या जाडीत किंचित घुसवणे. हा उपाय वाटतो तितका अडाणी नाही, कारण किरणाची अंतिम दिशा त्यातही जवळजवळ बरोबर येते. परावर्तन मात्र फुगते: काच आणि पाणी यांच्या सीमेवर समोरून पाहता जेमतेम 0.35 टक्के प्रकाश परत फिरायला हवा, तर येथे दोन स्वतंत्र पृष्ठभागांचे मिळून सुमारे 6 टक्के होतात.

म्हणून या वेळी पाण्याची बंद जाळी काढूनच टाकली. पेल्याच्या आतील भिंतीचे आणि तळाचे जे तुकडे, म्हणजे जाळीचे फेस, पाण्याखाली येतात, त्यांना वेगळे मटेरियल देऊन अपवर्तनांक म्हणजे `IOR` लिहिला:

```
1.5 / 1.333 = 1.125
```

त्या फेसचे नॉर्मल, म्हणजे त्यांच्या समोरच्या बाजूची दिशा, काचेतून पाण्याकडे असतील तरच हा आकडा लागू पडतो. ते उलटे असतील तर 0.889 द्यावा लागेल. पाण्याचा उरला तो वरचा पृष्ठभाग: नॉर्मल वर, `IOR` 1.333, आणि कडेला भिंतीवर सुमारे दोन मिलिमीटर चढणारी वक्र किनार. त्या किनारीचे बिंदू भिंतीच्या बिंदूंशी तंतोतंत जुळवावे लागतात. माझा एकच बिंदू सुटला होता आणि तिथे काळा ठिपका आला.

खरा लाभ कॉस्टिकमध्ये, म्हणजे पेल्यातून वाकून मेजावर पडणाऱ्या प्रकाशाच्या रेषांमध्ये दिसला. दिव्याला `Shadow Caustics`, पेल्याला `Cast Shadow Caustics` आणि मेजाला `Receive Shadow Caustics` दिले. मॅन्युअलनुसार या पद्धतीत जास्तीत जास्त चार अपवर्तने धरली जातात. पाणी काचेत घुसवल्यास आडव्या किरणाला सहा पृष्ठभाग ओलांडावे लागतात. या रचनेत ते बरोबर चार होतात. स्मूथ शेडिंग मात्र हवेच, नाहीतर प्रकाशाच्या रेषेऐवजी चौकोनी तुकडे पडतात. परावर्तनातून पडणारे कॉस्टिक या पद्धतीने मिळत नाहीत.

रंगाबाबत थोडक्यात: सात सेंटिमीटर स्वच्छ पाण्याला रंग देण्याची गरजच नसते. रंगीत द्रव हवा असेल तर `Volume Absorption` मध्ये `Density` 1 ठेवून काहीच दिसत नाही, कारण 0.07 मीटरमध्ये त्याने जास्तीत जास्त 7 टक्के प्रकाश शोषला जातो. एखादा रंग निम्मा करायचा असेल तर त्या चॅनलचे मूल्य शून्य ठेवून `Density` 10 च्या आसपास न्यावी लागते. उघड्या पृष्ठभागाला आकारमान नसल्याने हे शोषण भिंतीच्या किंचित आत ठेवलेल्या, `Surface` रिकामा असलेल्या बंद जाळीला द्यायचे. ती जाळी कॉस्टिकसोबत कशी वागते, हे पुढच्या रेंडरमध्ये तपासणार आहे.