तीन महिने मागे: विक्रीचा हिशेब एप्रिलपासून लावताना

आमच्याकडे विक्रीची यादी एक्सेलमध्ये असते. एका ओळीत एक बिल, पहिल्या रकान्यात तारीख, शेवटच्या रकान्यात रक्कम. त्यावर पिव्हट टेबल केलं आणि तारीख ओळींमध्ये टाकली की एक्सेल वर्ष आणि तिमाही असे गट करून देतं. पण त्याची पहिली तिमाही जानेवारी ते मार्च! वर्ष एप्रिलपासून मोजा, असं सांगायची सोय त्या ग्रुपिंगच्या खिडकीत नाही. म्हणजे जानेवारी ते मार्चची विक्री, जी आपल्या हिशेबात वर्षाची चौथी तिमाही असते, ती तिथे पुढच्या वर्षाची सुरुवात म्हणून दिसते.

माझ्या आधी हे काम करणाऱ्याने यावर एक तोडगा काढून ठेवला होता. प्रत्येक तारखेतून 90 दिवस वजा करायचे आणि आलेल्या तारखेचं वर्ष आणि तिमाही घ्यायची. 2022-23 ची वार्षिक बेरीज सीएंच्या आकड्याशी तंतोतंत जुळत होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. 2023-24 ची मात्र जुळेना. फरक किती, ते पाहिलं तर तो नेमका 31 मार्च 2024 च्या बिलांएवढा निघाला.

2024 लीप वर्ष. 1 जानेवारी ते 31 मार्च हे एरवी 90 दिवस, त्या वर्षी 91. त्यामुळे 31 मार्चमधून 90 गेले की 1 जानेवारी 2024 येतो आणि ती बिलं 2024-25 मध्ये जाऊन बसतात. मग तिमाह्या तपासल्या, तर तिथे घोळ दर वर्षीच होता. 30 जूनमधून 90 दिवस गेले की 1 एप्रिल येतो, म्हणजे 30 जूनची विक्री दुसऱ्या तिमाहीत. 29 आणि 30 सप्टेंबर तिसरीत, 30 आणि 31 डिसेंबर चौथीत. तिमाहीचे शेवटचे दिवस म्हणजे टार्गेट गाठायची धावपळ, बिलांचा ढीग तेव्हाच पडतो. वर्षाची बेरीज जुळत असल्यामुळे हे झाकून राहिलं होतं.

उपाय साधा आहे: दिवस नाही, महिने मागे घ्यायचे. `EDATE` हेच करतं. तारीख `A2` मध्ये आहे असं धरून मी दोन नवे रकाने केले, पहिला आर्थिक वर्षाचा, दुसरा तिमाहीचा:

```
=YEAR(EDATE(A2,-3))&"-"&RIGHT(YEAR(EDATE(A2,-3))+1,2)
="Q"&ROUNDUP(MONTH(EDATE(A2,-3))/3,0)
```

31 मार्च 2024 तीन महिने मागे गेला की 31 डिसेंबर 2023 होतो. वर्ष 2023-24, तिमाही Q4. 1 एप्रिल 2024 चा 1 जानेवारी 2024 होतो, म्हणजे 2024-25, Q1. 31 मे मागे गेला तर 31 फेब्रुवारी कुठून आणणार? `EDATE` फेब्रुवारीचा शेवटचा दिवस देतं. आपल्याला फक्त महिना हवा असल्यामुळे त्याने काही बिघडत नाही. आता पिव्हटमध्ये तारखेऐवजी हे दोन रकाने ओळींमध्ये टाकायचे, बस्स.

वर्षाचं नाव मी मुद्दाम 2023-24 असं पूर्ण ठेवलं. नुसतं 2024 लिहिलं की कुणी ते सुरू होणारं वर्ष समजतं, कुणी संपणारं, आणि मीटिंगमधला अर्धा तास त्यातच जातो.

खरा त्रास तारखांनी दिला. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून फाइल दिवस/महिना/वर्ष अशी येते. कॉम्प्युटरची सेटिंग महिना आधी अशी असेल तर 04/01/2024, म्हणजे 4 जानेवारी, एक्सेल 1 एप्रिल म्हणून वाचतं. ते बिल गुपचूप 2024-25 च्या Q1 मध्ये जातं. 13/01/2024 मात्र वाचता येत नाही, कारण तेरावा महिना नसतो. तो मजकूर म्हणून राहतो, डावीकडे चिकटतो आणि सूत्र `#VALUE!` देतं. ही एरर दिसली की फक्त तेवढ्याच ओळी सुधारायचा मोह टाळावा. एरर न दिलेल्या ओळींमध्येच दिवस-महिना उलटलेले असतात. मूळ फाइल पुन्हा घेऊन, तारखा मजकूर म्हणूनच ठेवून, `Text to Columns` मध्ये तारखेचा रकाना `DMY` निवडला, तेव्हा सगळ्या नीट झाल्या.

पडताळणीसाठी मी आणखी एक छोटं पिव्हट ठेवते. ओळींमध्ये वर्ष आणि तिमाही, आणि `Values` मध्ये तारीख दोनदा, एकदा `Min`, एकदा `Max`. 2023-24 च्या Q1 समोर 1 एप्रिलच्या आधीची किंवा 30 जूननंतरची तारीख दिसली की सूत्रात गडबड आहे. उलटलेल्या तारखा मात्र यात सापडत नाहीत. त्यासाठी महिनावार बेरीज बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या महिनावार रिपोर्टशी ताडून पाहावी लागते.