टाकी थोडी मोठी, नळ फार मोठा

“मॅडम, क्रिएटिन सुरू केल्यापासून माझे दंड भरले, छाती भरली, पण पोटऱ्या जशाच्या तशाच. फास्ट-ट्विच तंतू ज्या स्नायूत जास्त, त्यालाच क्रिएटिन लागू पडतं का?”

बऱ्याच अंशी हो. पण त्यामागचं जे कारण तुम्ही मनात धरलंय, ते बहुधा चुकीचं आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात चित्र एकच असतं: वेगवान तंतू क्रिएटिन जास्त ओढून घेतात आणि संथ तंतू तसेच उपाशी राहतात. पेशीच्या आत शिरून पाहिलं तर गोष्ट आत किती येतं याची कमी आणि किती वेगाने खर्च होतं याची जास्त आहे.

खर्चापासूनच सुरुवात करू. स्नायू आखडतो तो मायोसिन नावाच्या प्रथिनामुळे. मायोसिनचं डोकं शेजारच्या ॲक्टिनच्या धाग्याला पकडतं, ओढतं, सोडतं, पुन्हा पकडतं, आणि अशा प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या तयार इंधनाचा, एक रेणू लागतो. वेगवान तंतूतलं मायोसिन वेगळ्या जातीचं असतं. संथ तंतूतल्या मायोसिनपेक्षा ते एटीपी दोन-तीन पट वेगाने फोडतं, आणि त्याला वेगवान म्हणतात तेही याचसाठी. शिवाय प्रत्येक झटक्यानंतर पेशीत सुटलेलं कॅल्शियम परत पिशवीत भरावं लागतं. तो पंपही एटीपीवरच चालतो, आणि वेगवान तंतूंत हे पंप संख्येने जास्त असतात. म्हणजे खर्चाची दोन्ही खाती मोठी.

आता शिल्लक पाहा. सुकवलेल्या स्नायूच्या किलोमागे एटीपी साधारण 24 मिलिमोल असतं, आणि ते दोन्ही प्रकारच्या तंतूंत जवळपास सारखंच. इंग्लंडमध्ये 1993 साली एक प्रयोग झाला होता. त्यात माणसांनी सायकलवर सहा सेकंदांची जीव तोडून धाव घेतली, 30 सेकंद थांबले, पुन्हा सहा सेकंद, असं दहा वेळा. पहिल्या सहा सेकंदांत स्नायूला ऑक्सिजनशिवाय दर सेकंदाला सुमारे 15 मिलिमोल एटीपी तयार करावं लागलं. हिशेब तुम्हीच करा: नुसत्या शिलकीवर सगळं चाललं असतं तर दोन सेकंदांत खडखडाट.

तो होत नाही, कारण शेजारी फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे फॉस्फेट जोडलेलं क्रिएटिन, उभं असतं. क्रिएटिन कायनेज नावाचं विकर त्याच्याकडचा फॉस्फेट काढून थेट, एटीपी वापरल्यावर उरणाऱ्या एडीपीला जोडतं:

PCr + ADP + H⁺ → ATP + Cr

ही एकाच पावलाची क्रिया आहे. साखर फोडून एटीपी करायला दहा पावलं लागतात, ऑक्सिजन वापरून करायला त्याहून कितीतरी जास्त. म्हणून पहिल्या सेकंदांत इतक्या वेगाने पुरवठा करू शकणारं दुसरं काही नाही. हे विकर नुसतं पेशीरसात तरंगत नसतं, त्यातलं काही मायोसिनच्या धाग्यांच्या अगदी मधोमध आणि कॅल्शियम पंपाला लागून बसलेलं असतं. दुकान गिऱ्हाइकाच्या दारातच. वरच्या प्रयोगात पहिल्या धावेत लागलेल्या एटीपीपैकी अर्धं एकट्या फॉस्फोक्रिएटिनने दिलं, आणि त्या सहा सेकंदांत त्याचा निम्म्याहून जास्त साठा संपला.

हे आकडे अख्ख्या स्नायूच्या तुकड्याचे आहेत, आणि मांडीच्या स्नायूच्या तुकड्यात दोन्ही जाती मिसळलेल्या असतात. कोंबडीची छाती पांढरी आणि तंगडी काळपट, अशी सरळ वाटणी माणसात नाही. आडवा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की फिक्या आणि गडद चौकोनांची फरशी दिसते, वेगवान आणि संथ शेजारी-शेजारी. मग एकेका जातीचा हिशेब कसा लावला? जाड सुईने मांडीतून तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा तुकडा काढायचा, तत्क्षणी गोठवायचा आणि गोठलेल्या स्थितीतच सुकवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली सुट्या केसासारखा एकेक तंतू बाजूला काढायचा. त्याचं टोक कापून रंगवायचं, म्हणजे जात कळते, आणि उरलेला तंतू त्या-त्या ढिगात टाकायचा. पुरेसा ढीग झाला की फॉस्फोक्रिएटिन मोजायचं. मी हे काम करणाऱ्यांना मनोमन हात जोडते. माझ्याच्याने एक तासही झालं नसतं.

या खटाटोपातून दोन गोष्टी दिसल्या. विश्रांतीत वेगवान तंतूंत फॉस्फोक्रिएटिन जास्त असतं, पण थोडंच जास्त, दुप्पट वगैरे नाही. आणि जोर लावल्यावर ते त्यांच्यात जास्त वेगाने व जास्त खोल उतरतं, 30 सेकंदांत जवळपास तळ दिसतो. टाकी थोडी मोठी, नळ फार मोठा.

तळ दिसल्यावर काय होतं, ते तुम्ही सेटच्या शेवटच्या दोन रेप्समध्ये अनुभवलेलं आहे. एडीपी साचतं. साचलेलं एडीपी मायोसिनला पकड सोडू देत नाही आणि कॅल्शियम पंपही मंदावतो. मग पेशी नाइलाजाने दोन एडीपी एकत्र करून एक एटीपी काढते. मागे उरलेल्या एएमपीतून अमोनिया सुटतो आणि ते आयएमपी बनून बसतं. ते पुन्हा एटीपी व्हायला मिनिटं जातात. हा प्रकार मुख्यतः वेगवान तंतूंतच होतो. संथ तंतूंत मायटोकॉन्ड्रिया दाट, भोवती केशवाहिन्यांचं जाळं, त्यामुळे खर्च होत असतानाच भरणाही चालू असतो. त्यांच्यात फॉस्फोक्रिएटिनचं मुख्य काम साठ्याचं नसून मायटोकॉन्ड्रियापासून मायोसिनपर्यंत ऊर्जा पोचवण्याचं आहे, डबेवाल्यासारखं. डबे वाढवले म्हणून स्वयंपाक वाढत नाही.

आता तुमची पावडर. रोज 20 ग्रॅम पाच-सहा दिवस किंवा रोज 3 ग्रॅम महिनाभर, दोन्ही वाटांनी माणूस जवळपास त्याच जागी पोचतो. एकूण क्रिएटिन किलोमागे सुमारे 120 मिलिमोलवरून सरासरी 20 मिलिमोलने वर जातं. 160 च्या आसपास छप्पर आहे, त्यापुढचं लघवीतून जातं. वाढलेल्या 20 पैकी साधारण एक तृतीयांश फॉस्फोक्रिएटिन होतं, म्हणजे सात एक मिलिमोल. वरच्या धावेत फॉस्फोक्रिएटिनचा वाटा सेकंदाला साडेसात होता, तेव्हा तुमच्या डब्याने विकत घेतला तो एक सेकंद! हसू येईल, पण दर सेटमागे एक सेकंद, तोही जिथे नळ पूर्ण उघडा आहे तिथे, हे व्यायामाच्या दृष्टीने थोडं नाही. उरलेलं मोकळं क्रिएटिनही वाया जात नाही. दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत फॉस्फोक्रिएटिन पुन्हा बनायला ते कच्चा माल म्हणून हाताशी असतं, आणि ज्यांच्या स्नायूत ते खरंच वाढलं त्यांच्यात विश्रांतीच्या दुसऱ्या मिनिटात भरणा वेगाने झालेला मोजला गेला आहे.

1996 च्या एका अभ्यासात हे सगळं एकत्र सापडतं. नऊ पुरुषांनी क्रिएटिनच्या आधी आणि पाच दिवसांच्या डोसनंतर सायकलवर 30 सेकंदांचे दोन जोर लावले. एकूण काम सुमारे 4 टक्क्यांनी वाढलं. फॉस्फोक्रिएटिन दोन्ही जातींच्या तंतूंत वाढलं होतं. पण कुणाचं काम किती सुधारलं, हे जुळलं ते वेगवान तंतूंतल्या वाढीशी.

म्हणजे क्रिएटिन संथ तंतूंतही शिरतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांत तर ते आत घेण्याचा वेग संथ तंतूंच्या स्नायूत जास्त आढळला, पांढऱ्या वेगवान स्नायूत कमी. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की “जास्त ओढून घेतात” हे कारण धरू नका. उलट बाजूचाही पुरावा आहे, तो लपवत नाही: 2004 मध्ये 11 जणांत पाहिलं तेव्हा ज्यांचा साठा सर्वांत जास्त वाढला, त्यांच्यात वेगवान तंतूंचं प्रमाण जास्त होतं. पण त्यांचा मूळ साठाही सर्वांत कमी होता. अकरा माणसांत या दोन गोष्टी सुट्या करता येत नाहीत. मूळ पातळी मात्र नक्की महत्त्वाची आहे. शाकाहारी लोकांत ती कमी असते आणि वाढही जास्त होते, हे वेगळ्या अभ्यासांतून दिसलेलं आहे.

माझीच गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी सिंहगड चढायचा वेळ कमी करायचा म्हणून मी महिनाभर क्रिएटिन घेतलं. दीड किलो वजन वाढलं, वेळ तोच राहिला. शिकवायला माहीत असूनही! क्रिएटिन पेशीत जाताना पाणी सोबत नेतं, आणि मी ते पाणी पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंत वाहून नेत होते. तासाभराच्या चढाला नळ पूर्ण उघडतच नाही.

आता तुमच्या पोटऱ्या. पोटरीत खाली पसरलेला सोलिअस बहुतेक माणसांत जवळजवळ चार पंचमांश संथ तंतूंचा असतो, वरचा गॅस्ट्रोक्नेमिअस साधारण निम्मा-निम्मा. दंडामागच्या ट्रायसेप्समध्ये वेगवान तंतू दोन तृतीयांशांच्या आसपास. तेव्हा तुमचा अंदाज दिशेने बरोबर आहे. पण माणसांतले जवळपास सगळे तुकडे मांडीच्या एकाच स्नायूतून काढलेले आहेत, ट्रायसेप्स आणि सोलिअस शेजारी ठेवून नव्हे. आणि 1999 च्या 12 आठवड्यांच्या अभ्यासात क्रिएटिनसोबत वजनं उचलणाऱ्यांचे संथ तंतूही वेगवान तंतूंइतकेच जाड झाले होते. जोर लावायला लावला तर संथ तंतूही वाढतात, म्हणून सगळा दोष तंतूंवर ढकलू नका.

टेपवरही विसंबू नका. पहिल्या दोन आठवड्यांतला दंडाचा घेर बराचसा पाण्याचा असतो. त्यापेक्षा वहीत लिहा: त्याच वजनावर, दोन मिनिटांच्या ठरावीक विश्रांतीने, चौथ्या सेटमध्ये किती रेप्स होतात. क्रिएटिन लागू पडलं असेल तर पहिल्या सेटचा आकडा फारसा हलत नाही, चौथ्याचा हलतो. मागे प्रश्न विचारणाऱ्या एका मुलाची अशी वही मी मागवून पाहिली होती. बेंच प्रेसचे चार-चार सेट नीट लिहिलेले. पोटऱ्यांसमोर शनिवारी एक ओळ: “25 × 2, हलकं.”